दोन तासांचं काम आणि रजेचा अर्ज: गेटपास कुठे पुरतो, कुठे नाही

प्रश्न: "बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला लागून चार महिने झालेत, प्रोबेशनवर आहे, रजा खात्यात काहीच नाही. आईचं रावपुऱ्यातल्या बँकेत खातं आहे, त्यात माझं नाव घालायचंय, दोघांच्या सह्या समोरासमोर हव्यात. सकाळी अकरा ते दीड जाऊन येईन म्हणतो. सोबतचा म्हणतो साहेबांना तोंडी सांग नि जा. दुसरा म्हणतो हाफ डे टाक. मामा म्हणतात रीतसर पूर्ण रजेचा अर्ज दे. ड्युटी नऊ ते साडेपाच, जेवणाची सुट्टी एक ते दीड. करू काय?"

उत्तर:

तिघांचे तीन सल्ले ऐकून गोंधळ होणारच, कारण तिघंही वेगवेगळ्या जागी काम करणारे असावेत. मामा सरकारी नोकरीतले असतील असा माझा अंदाज. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत उशीर झाला तर अर्धी किरकोळ रजा कापायची, पण तासाभरापर्यंतचा उशीर सबळ कारणासाठी महिन्यात दोनदा माफ करता येतो, अशी पद्धत आहे. तिथे सगळं रजेच्या खात्यातून चालतं, म्हणून अर्ज आधी सुचतो. तुमच्या खात्यात रजाच नाही. तिथे अर्ज देणं म्हणजे बिनपगारी दिवस आपल्या हाताने लिहून देणं.

मी मकरपुऱ्यात नि नंदेसरीत बरीच वर्षं कारखान्यांची टाइम ऑफिसं सांभाळली आहेत, म्हणून तुमच्या साहेबांच्या मर्जीपेक्षा मला आधी मस्टर दिसतं. तुम्ही बाहेर असाल ते दोन तास मस्टरवर कोणत्या नावाने उतरणार, हा खरा प्रश्न. साहेब हसून "जा ना" म्हणाले, पण मशिनने "गैरहजर" लिहिलं, तर महिन्याच्या शेवटी पगार मशिन सांगेल तसा होतो. साहेबांना तोवर ते आठवतही नसतं.

खासगी कामासाठी दोन तास बाहेर सोडलंच पाहिजे, असा हक्क कामगार कायद्यात नाही. त्याला कंपनीत शॉर्ट लीव्ह म्हणतात, कुठे पर्मिशन म्हणतात, कुठे नुसतं गेटपास म्हणतात. ही कंपनीने दिलेली सवलत असते आणि प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. बऱ्याच ठिकाणी एका वेळी दोन तास आणि महिन्यातून एकदा किंवा दोनदा, इतकी मुभा असते. प्रोबेशनवाल्यांना ती आहे की नाही, हे नेमणूकपत्रात क्वचितच लिहिलेलं असतं. ते टाइम ऑफिसात जाऊन विचारायचं. "प्रोबेशनवर आहे, महिन्यात एक शॉर्ट लीव्ह मिळते का, आणि मिळाली तर पगार कापतात का," एवढंच विचारा. टाइम ऑफिसचा माणूस दिवसभर भांडणंच ऐकत असतो. सरळ प्रश्न विचारणारा आला की तो आनंदाने सांगतो.

आता पगाराचं. समजा तुमचा पगार महिन्याला २०,८०० रुपये आहे. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाचे ८००, आणि आठ तासांच्या कामाचे तासाला १०० रुपये. दोन तासांची गैरहजेरी म्हणजे फार तर २०० रुपये. हाफ डे बिनपगारी टाकलात तर ४००, पूर्ण रजेत ८००. गैरहजेरीबद्दल कापायची रक्कम गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये, हे वेतन अदायगी कायदा १९३६ मध्ये होतं आणि वेतन संहिता २०१९ मध्येही आहे. दोन तास गेलात म्हणून कंपनीने आपण होऊन अर्ध्या दिवसाचा पगार कापणं त्यात बसत नाही. पण तुम्हीच हाफ डेचा अर्ज दिलात, तर मागितलंत ते मिळालं, मग तक्रार कशाची करणार? म्हणून "हाफ डे टाक, सुटलास" हा सल्ला मला पटत नाही. त्या दुसऱ्याला तो सोपा वाटतो कारण त्याच्या खात्यात रजा शिल्लक असेल.

तोंडी सांगून जाण्याबद्दल. तुमच्याकडे बायोमेट्रिक असेल तर आधी एक गोष्ट समजून घ्या, ते यंत्र पंच कसे मोजतं. काही ठिकाणी सॉफ्टवेअर दिवसाचा फक्त पहिला आणि शेवटचा पंच धरतं. तुम्ही सकाळी नऊला बोट लावलंत, संध्याकाळी साडेपाचला लावलंत, मधे काय झालं ते त्याला माहीतच नाही. अशा ठिकाणी गेटपास हाच तुमच्या बाहेर जाण्याचा एकमेव पुरावा. दुसऱ्या प्रकारात पंच जोडीजोडीने मोजले जातात, आत-बाहेर, आत-बाहेर. इथे दिवसाला चार पंच हवेत. जाताना लावलंत आणि परत येताना घाईत विसरलात, तर तीन पंच राहतात आणि सॉफ्टवेअर "मिस पंच" दाखवून थांबतं. ते दुरुस्त करायला रेग्युलरायझेशनचा फॉर्म, त्यावर साहेबांची सही, आणि त्या फॉर्मला आधार म्हणून पुन्हा गेटपासच लागतो. गेटपासची चिठ्ठी सकाळीच भरून घेतली असती तर एका सहीत काम झालं असतं.

गेटपासचं आणखी एक कारण आहे, ते ऑफिसात बसणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आग लागली, गॅस सुटला, सायरन वाजला की सगळे असेंब्ली पॉइंटला जमतात आणि मस्टरवरून मोजणी होते. नाव आत दाखवतंय आणि माणूस दिसत नाही, तर त्याला शोधायला कोणीतरी आत शिरतो. तुम्ही तेव्हा रावपुऱ्यात बँकेत बसलेले असता. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरात तुमची बाहेरची वेळ असेल, तर तो माणूस आत शिरत नाही. नंदेसरीसारख्या केमिकलच्या पट्ट्यात हे फार काटेकोर पाळतात. मकरपुऱ्यात इंजिनिअरिंगची कामं जास्त, म्हणून थोडी ढिलाई असते, पण वॉचमन चिठ्ठी मागतो तो तुम्हाला अडवायला नव्हे.

आणि एक बारीक गोष्ट, ही मात्र नीट वाचा. तुम्ही अकाउंट्सला आहात. बँकेत निघालात म्हटल्यावर साहेब नक्की म्हणतील, "जातोच आहेस तर हा कंपनीचा चेकही टाकून ये." यात गैर काहीच नाही, मी स्वतःही लोकांना असं सांगितलं असतं. पण मग गेटपासवर "पर्सनल" एवढंच राहू देऊ नका. बहुतेक छापील चिठ्ठ्यांवर ऑफिशियल आणि पर्सनल असे दोन चौकोन असतात. दोन्हीवर खूण करा आणि कारणात लिहा: "बँकेत खासगी काम, तसेच कंपनीचा चेक भरणे." २०,८०० रुपये पगार धरला तर तुम्ही ईएसआयच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेत आहात. रस्त्यात अपघात झाला तर ईएसआयचे दवाखाने उपचार देतीलच. पण ती इजा कामावरची होती की खासगी कामातली, यावर पुढचे लाभ ठरतात, आणि खासगी कामावर निघालेल्या माणसाची इजा कामावरची धरली जाणं फार अवघड. शेवटचा निर्णय वस्तुस्थितीवर होतो. तरी चिठ्ठीत नुसतं "पर्सनल" असेल तर तुम्ही कंपनीचा चेक घेऊन निघाला होतात, हे नंतर सांगायला तोंडच उरत नाही.

आता वेळ. तुम्ही अकरा ते दीड म्हणताय. मी असतो तर एक ते साडेतीन मागितलं असतं. दोन्हींत बाहेरचे अडीच तास, दोन्हींत जेवणाची सुट्टी धरून कामाचे दोनच तास बुडतात, पगारातही फरक नाही. फरक पडतो काम लांबलं तर. बँकेत ते लांबायची शक्यता पुष्कळ. आईच्या सहीचा नमुना जुना, हात थरथरतो, सही जुळत नाही. मग बँकवाले म्हणतात नवीन नमुना द्या, फोटो द्या, पॅनची मूळ प्रत दाखवा. ज्यांच्या टेबलावर काम आहे त्या बाई आज रजेवर असतात. समजा तुम्ही अकराला निघालात आणि अडीचला परतलात. सकाळचे दोनच तास झाले, म्हणजे पहिला अर्धा दिवस तुटला. दुपारी दीड ते अडीच बाहेर, म्हणजे दुसराही तुटला. आठपैकी पाच तास काम करूनही तुमच्या हातात एकही सलग अर्धा दिवस नाही. आता टाइम ऑफिसने ते कशात बसवायचं? ज्याच्या मनाला येईल तसं तो बसवतो.

तेच एकला निघा. नऊ ते एक हे चार तास पूर्ण झाले, म्हणजे पहिला अर्धा दिवस मस्टरवर पक्का बसला. आता बँकेत साडेतीनऐवजी साडेचार वाजले तरी वाईटात वाईट म्हणजे दुपारचा हाफ डे, सकाळला कोणी हात लावू शकत नाही. शिवाय एकला मशिनवर सगळेच बाहेर पडत असतात, अकराला एकटे उठून निघालात की जो तो विचारतो "क्या हुआ?"

फक्त एक पडताळा आधी करा. शाखेत फोन करून विचारा की दुपारी पावणेदोनच्या सुमारास हे काम करणारे अधिकारी जागेवर असतात का, आणि ग्राहकांसाठीची वेळ किती वाजेपर्यंत. काही ठिकाणी अधिकारी दोनला जेवायला उठतात. तसं असेल तर साहेबांना बाराची वेळ मागा, पण मग वरचं संरक्षण जातं हे समजून मागा. कागद काय लागतील तेही त्याच फोनवर लिहून घ्या. आणि शनिवारी कंपनी चालू असेल म्हणून "शनिवारी जाऊ" असं ठरवू नका, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी दुसऱ्या वारी असेल, तसं काही कारखान्यांत असतं, तर मग प्रश्नच मिटला, सुट्टीच्या दिवशी जा आणि कोणाकडे काही मागूच नका. हे पहिलं तपासायचं, पण बहुतेक जण शेवटी तपासतात.

तारखेकडेही बघा. साहेबांच्या डोक्यात तुमच्या दोन तासांपेक्षा ती तारीख मोठी असते. अकाउंट्सवाल्याने महिन्याची सातवी टाळावी, त्या दिवशी टीडीएस भरायचा असतो. अकरावीला जीएसटीआर-१, पंधरावीला पीएफ आणि ईएसआय, विसावीला जीएसटीआर-३बी. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी मागितलेले दोन तास साहेबांना आठ तासांसारखे वाटतात. पण बारावी-तेरावी किंवा एकविसावी-बाविसावीला तेच दोन तास हसत मिळतात. चार महिन्यांत हे तुमच्याही लक्षात आलं असेलच.

मागायचं कसं, याचं फार नाटक करू नका. आदल्या दिवशी, शक्यतो दुपारी चारच्या सुमारास, साहेब मोकळे दिसले की समोर जाऊन सांगा. सकाळी आल्या आल्या मागितलंत तर त्यांना वाटतं हा ठरवूनच आलाय, आपल्याला नुसतं कळवतोय. त्यांना तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: किती ते किती, कशासाठी, आणि मधे तुमचं काम कोणाकडे किंवा कुठवर झालेलं असेल. साहेब गुजराती असतील तर "साहेब, काले एकथी साडात्रण बेंकना कामे बहार जवुं छे. आजनां व्हाउचर पहेलां पूरां करी दईश," एवढं पुरे. आईच्या खात्याचं काम आहे हे सांगायला हरकत नाही, पण खात्यात किती, वाटणी कोणाची, भावाला माहीत आहे का, हे सांगायची गरज नाही. दवाखान्याचं खोटं कारण तर मुळीच नको. आपल्या बडोद्यात मांडवीपासून दांडिया बाजारपर्यंत दर दुसऱ्या वळणावर कोणी ना कोणी ओळखीचं भेटतं.

साहेब "हो" म्हणाले की लगेच दोन ओळी व्हॉट्सॲपवर टाका: "साहेब, बोलल्याप्रमाणे उद्या १ ते ३.३० गेटपासवर बँकेत जातोय." त्यांच्याकडून काहीही उत्तर आलं तरी चालेल, नुसता अंगठा आला तरी. हा संदेश सहीची जागा घेत नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेब अचानक मीटिंगला गेले आणि चिठ्ठीवर सही करायला कोणी नसलं, तर हाच संदेश दाखवून दुसऱ्या अधिकाऱ्याची सही घेता येते. साहेब गावी गेले असतील तर सही कोण करू शकतो, हेही टाइम ऑफिसलाच विचारून ठेवा.

त्या दिवसाचं गणित असं मांडा. दहाला चिठ्ठी भरून सही घेऊन ठेवा, एकला सही शोधत फिरायची वेळ येऊ नये. एकला पंच, गेटवर नोंद, दुचाकीने अर्ध्या तासात रावपुरा. आई दांडिया बाजारात राहत असतील असं धरलं तर त्या तिथून रिक्षाने थेट बँकेत पोचू द्या, तुम्ही त्यांना आणायला गेलात तर वीस मिनिटं पार्किंगमधेच जातात. दीड ते पावणेतीन बँकेत. पावणेतीनला काम झालेलं असो वा नसो, आईला रिक्षात बसवा आणि निघा, म्हणजे सव्वातीन-साडेतीनला तुम्ही गेटवर. अडीचला एकदा घड्याळ बघा. त्या वेळी तुमचा कागद टेबलावर पोचलेलाच नसेल, तर ते काम आज व्हायचं नाही, किंवा व्हायला चार वाजणार. तेव्हाच साहेबांना फोन करा, "साहेब, इथे लांबतंय. साडेतीनला येऊन काम करू, की दुपारचा हाफ डे करू?" हा फोन साडेतीनच्या आधी गेला पाहिजे. साडेतीननंतर गेला तर त्यात विचारण्यासारखं काही उरत नाही.

आता मामांचा अर्ज कुठे बरोबर असतो तेही सांगतो. ज्या कामाची वेळ तुमच्या हातात नाही, त्याला गेटपास लावू नये. दस्त नोंदणी, कोर्टाची तारीख, कुबेर भवनातल्या एखाद्या कचेरीतून नक्कल काढणं. अशा ठिकाणी कोणता नंबर कधी येईल ते कोणीच सांगत नाही, म्हणून तिथे सरळ हाफ डे किंवा पूर्ण रजा. गावाबाहेर जायचं असेल, अगदी आणंदला असलं तरी, अर्जच द्या. जाणं-येणं धरून दोन तासांत ते बसत नाही आणि बसवायला गेलं की माणूस गाडी जोरात हाणतो. भूल देऊन काही करायचं असेल, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन असेल, तर रजाच. आणि एकाच कामासाठी तिसऱ्यांदा गेटपास मागायची वेळ आली, तर ते काम आता दोन तासांचं राहिलेलं नाही. तुमच्या या बँकेच्या कामाला पहिल्या वेळी सही जुळली नाही, तर दुसऱ्यांदा गेटपास मागा, साहेब देतील. पण तिथेच समजा की तिसऱ्यांदा रजा टाकावी लागेल, आणि प्रोबेशन संपेपर्यंत थांबता आलं तर थांबा.

परत आल्यावर पंच, गेटवर आतली नोंद, आणि चिठ्ठीचा अर्धा भाग टाइम ऑफिसात. तुमच्याकडे राहतो तो भाग पाकिटात ठेवा, नाही तर लगेच त्याचा फोटो काढा, कार्बनची अक्षरं महिनाभरात पुसट होतात. बऱ्याच कंपन्यांत मस्टर महिनाअखेरीआधीच, पंचवीस-सव्वीसच्या सुमारास बंद होतं आणि त्यावर पगार निघतो. तुमच्याकडे कोणत्या तारखेला बंद होतं ते विचारा आणि त्याच्या दोन दिवस आधी आपल्या नावापुढे त्या तारखेला काय लिहिलंय ते बघून या. तिथे शॉर्ट लीव्ह किंवा गेटपास असं दिसलं तर ठीक. "अर्धा दिवस बिनपगारी" किंवा "मिस पंच" दिसलं तर चिठ्ठी दाखवून तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. पगार झाल्यावर तोच बदल पुढच्या महिन्याच्या एरियरमध्ये जातो, आणि अकाउंट्सला असल्यामुळे ती एंट्री बहुधा तुम्हालाच करावी लागेल.